पंपांची कंपनी

सातपूरच्या कारखान्यात मी तीस वर्षं पंप जोडले, म्हणून कंपनी पंपांचीच, असं धाकट्या बहिणीला छातीठोकपणे सांगितलं. माझ्या शब्दावर तिने निवृत्तीच्या पैशांतून शेअर घेतले.

वार्षिक अहवाल मी यंदा प्रथमच उघडला. व्यवसायाच्या वर्णनात सुरुवातीलाच पंप होते. मागच्या टिपांमधल्या विभागवार तक्त्यात मात्र बहुतेक उत्पन्न रस्तेबांधणीचं, आणि तोटाही तिथलाच. दोन्ही पानं ताडून पाहताना गोंधळ वाढतच गेला. शेवटी बहिणीकडे गेलो आणि न वाचताच सल्ला दिल्याचं कबूल केलं.

“दादा, मग तीस वर्षं तिथे काय बघत होतास?”

“माझं मशीन.”

“बरं, आता शेअर ठेवू की विकू?”

“मला खरंच कळत नाही गं,” मी म्हणालो.