खिशातल्या फोनने धरून ठेवलेला काटा

ब्लूटूथचा वजनकाटा एका वेळी एकाच फोनशी बोलतो. आमच्याकडचा तरी तसाच होता. एकाने त्याला धरलं की दुसऱ्याला तो सापडतच नाही. मेंढ्यांच्या शिबिरात आम्ही तोंडघशी पडलो ते यामुळेच.

सांगलीत माझं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. पूर्वी मीही प्रोग्रॅम लिहायची. आता गिऱ्हाइकांशी बोलणं आणि तयार झालेलं ॲप तपासणं ही दोन कामं माझ्याकडे आहेत. आटपाडीकडच्या एका पशुवैद्य डॉक्टरबाईंसाठी आम्ही ॲप केलं होतं. मेंढरू झोळीत टांगायचं, काट्यावरचं वजन थेट फोनवर येतं, त्या वजनाला जंताच्या औषधाचा डोस किती ते दिसतं आणि नोंद होते. डॉक्टरबाईंचे दोन मदतनीस, दोघांकडे एकेक फोन. एकाने वजन घेतलं की तो औषध पाजायला जातो, तोवर दुसरा पुढचं मेंढरू घेतो. काटा एकच, दोघांत फिरता.

पहिल्या शिबिरात काटा पहिल्याच फोनला चिकटून बसला. वजनाची स्क्रीन बंद करून तो मदतनीस यादीवर गेला तरी काटा त्याच्याचकडे. शेवटी दर खेपेला फोन बंद करून पुन्हा चालू करत त्यांनी काम उरकलं. डॉक्टरबाईंनी मला फोनवर सांगितलं, "पुढचा कळप चरणीला बाहेर पडायच्या बेतात आहे. ते लोक थांबणार नाहीत. तेव्हा चाललं तर चाललं, नाहीतर मी आपली डोळ्यांनी अंदाज घेऊन औषध देईन, पूर्वीसारखी."

अंदाजाने औषध देणं तिला मुळीच आवडत नव्हतं. लहान कोकराला जास्त गेलं तर ते आडवं होतं, मोठ्याला कमी गेलं तर जंत मरत नाहीत. म्हणून तर तिने ॲप करून घेतलं होतं.

हे काम मी आमच्या पाटणच्या बाईंकडे दिलं. मूळची पाटणची, लग्नानंतर सांगलीत आलेली, पस्तिशीची. कमी बोलते. स्वतःच्या कामाबद्दल तर त्याहून कमी. तिने आधीच्या माणसाने लिहिलेला कोड उघडला, चहा संपेपर्यंत वाचला आणि मला बोलावलं.

"ताई, हे बघा. काटा वाचायचं काम स्क्रीन उघडल्यावर सुरू केलंय, पण ते कुणाचं आहे हेच सांगितलेलं नाही. ग्लोबल स्कोपमध्ये सोडून दिलंय. बेवारस. स्क्रीन गेली तरी ते आपलं चालूच. परत उघडली की दुसरं सुरू."

"म्हणजे दहा वेळा उघडली तर दहा?"

"दहा. आणि दहाही काट्याला धरून."

काटा वाचायचं हे काम म्हणजे कोरूटीन, पार्श्वभूमीला चालणारं हलकं काम. ते नेहमी कुठल्या तरी स्कोपमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी ताब्यात चालतं, आणि तो स्कोप संपला की त्यातली कामंही रद्द होतात. ही सोय मला माहीत होती, पण ती वापरायची कशी हे मी तिच्याकडून पाहिलं. काट्याचं वाचन तिने एका फ्लोमध्ये, म्हणजे आकड्यांच्या वाहत्या धारेत बसवलं. कुणी ऐकायला लागलं की तो काट्याला जोडतो, एकामागून एक वजनं पाठवत राहतो आणि ऐकणं थांबलं की काटा सोडतो. सोडण्याची ती ओळ तिने सगळ्यात आधी लिहिली, जोडण्याच्याही आधी. मग व्ह्यूमॉडेलने, म्हणजे स्क्रीनची सगळी माहिती सांभाळणाऱ्या भागाने, तो फ्लो स्वतःच्या स्कोपमध्ये ऐकायचा आणि स्क्रीनला एकच स्थिती दाखवायची: जोडतोय, वजन अमुक, किंवा काटा मिळत नाही, पुन्हा बघतोय. मागे जाऊन स्क्रीन बंद केली की व्ह्यूमॉडेल संपतं, त्याचा स्कोप संपतो, वाचन थांबतं, काटा सुटतो.

मी दोन फोन घेऊन बसले. उघडलं, बंद केलं, दुसऱ्यावर उघडलं. काटा मुकाट्याने हात बदलत होता. मी म्हटलं, "पाठवून देऊ."

"नको. शिबिराला मी येते."

"कशाला? चालतंय की."

"आपण टेबलावर चालवतोय ताई. ते लोक कसे चालवतात ते मी बघितलेलं नाही."

मला हे जरा जास्तीचं वाटलं, पण गाडी काढली. लॅपटॉप तिच्या मांडीवर, काटा मागच्या सीटवर. विट्याच्या पुढे ऊस संपला आणि उघडं माळरान लागलं.

कळप आधीच येऊन थांबला होता. मेंढपाळ आजोबा, त्यांच्या सुना, मुलगे, सामान लादलेली घोडी. ऊन चढायच्या आत सगळं आटपून त्यांना वाट धरायची होती. डॉक्टरबाईंनी हात धुतले, झोळी टांगली आणि पहिलं मेंढरू वर गेलं.

पहिलं वजन आलं. जाड्या मदतनिसाने औषधाची पिचकारी उचलली, फोनच्या बाजूचं बटण दाबलं आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला. दुसरा, उंच, आपला फोन घेऊन उभा. त्याच्या स्क्रीनवर तेच: काटा मिळत नाही, पुन्हा बघतोय.

"परत तेच हाय की!" उंच म्हणाला. "तुजा फोन बंद कर रं."

"बंदच हाय की. खिशात हाय न्हवं!"

मी पाटणच्या बाईंकडे पाहिलं. ती फोनकडे नाही, त्याच्या खिशाकडे बघत होती.

"हा मागे जातच नाही," ती हळूच म्हणाली. "हातात पिचकारी, दुसऱ्या हातात मेंढराचं तोंड. मागे जायला बोट कुठलं मोकळं? तो नुसता फोन झोपवतो. स्क्रीन बंद झालेली नाही ताई, दिसेनाशी झालीय. व्ह्यूमॉडेल जिवंत आहे, आणि कुणी बघत नसताना काटा ऐकत बसलंय."

आजोबा फेट्याचं टोक सावरत पुढे आले. "आवं ताई, तुमचा काटा लय एकनिष्ठ हाय. एकाशी लगीन लागलं की दुसऱ्याकडं ढुंकून बघंना."

"थांबा आजोबा," ती लॅपटॉप उघडत म्हणाली, "आत्ता काडीमोड करून देते."

आजोबा इतके हसले की घोडीने कान टवकारले. सून म्हणाली, "मामंजी, चला की आता, ऊन व्हायलंय." त्यांनी तिला हाताने थांबवलं. "बघू तरी काडीमोड कसा हुतोय."

ती गाडीच्या सावलीत बसली. घाई मला होत होती, तिला नाही. बदल फार नव्हता. व्ह्यूमॉडेलने आपणहून ऐकत बसायचं नाही. स्क्रीन खरोखर समोर असेल तरच तिने स्थिती बघायची, आणि कुणी बघत असेल तोवरच व्ह्यूमॉडेलने काट्याचा फ्लो चालू ठेवायचा. शेवटचा बघणारा गेला की पाच सेकंद थांबून तो बंद करायचा.

"पाच कशाला?" मी विचारलं. "लगेच सोडू दे की."

"फोन आडवा केला की स्क्रीन मोडून नवीन बनते. त्या क्षणाला बघणारं कुणीच नसतं. तेवढ्यासाठी काटा सोडून परत जोडायचा? झोळीत मेंढरू लटकतंय तोवर?"

वायर लावून तिने दोन्ही फोनवर नवीन ॲप चढवलं. जाड्याने एक वजन घेतलं, फोन झोपवून खिशात टाकला. आम्ही सगळे उंचाच्या हातातल्या फोनकडे बघत राहिलो. जोडतोय. मग वजन आलं.

"झाला काडीमोड!" आजोबा ओरडले.

काम पळू लागलं. एकाचा फोन खिशात, दुसऱ्याच्या हातात काटा, मग उलट. डॉक्टरबाईंच्या कपाळावरची आठी गेली. मला वाटलं, आता चहाचं बघावं. पाटणची बाई मात्र उंचाच्या खांद्याशी उभी राहून प्रत्येक वेळी फोन जागा होताना बघत होती. तिला तिथून हलवायला मी दोनदा हाक मारली. ती आली नाही.

उंचाने खिशातून फोन काढला. झोळीत नुकतंच वाढीला लागलेलं कोकरू होतं. फोन जागा झाला आणि त्यावर त्याच फोनने आधी घेतलेलं एडक्याचं वजन आणि त्याचाच डोस.

"थांबा!" पाटणची बाई एवढ्या मोठ्याने ओरडलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "पिचकारी भरू नका."

दोन-तीन श्वासांत स्क्रीन बदलली आणि कोकराचं खरं वजन आलं. पण उंचाच्या फोनवरचा आकडा बघून जाड्याने तोवर पिचकारीचा दांडा एडक्याच्या मापापर्यंत ओढलेला होता. डॉक्टरबाईंनी ते बघितलं. तिने पिचकारी त्याच्या हातून घेऊन रिकामी केली.

"वाचन थांबतं, पण शेवटची स्थिती व्ह्यूमॉडेल धरून ठेवतं," पाटणची बाई डॉक्टरबाईंना म्हणाली. "परत उघडलं की काटा जोडेपर्यंत ते जुनंच दाखवतं. बाकी ठिकाणी ही सोय असते. इथे नको. दहा मिनिटं द्या."

आजोबा आता हसत नव्हते. "पोरी, चुकीचं औषद गेलं असतं व्हय?"

"गेलं असतं आजोबा. म्हणून थांबवलंय."

तिने गोड बोलून वेळ मारून नेली नाही, हे मला आवडलं. आजोबांनाही. ते खाली बसले आणि सुनेला म्हणाले, "बसा समदी."

या वेळचा बदल तर एका ओळीचा होता: वाचन थांबलं की धरून ठेवलेली स्थितीही लगेच टाकून द्यायची आणि पुन्हा 'जोडतोय'पासून सुरुवात करायची. त्याच बैठकीत तिने नोंद जतन करण्याचं कामही तपासलं. ते तिने मुद्दामच स्क्रीनच्या ताब्यात दिलेलं नव्हतं, अख्ख्या ॲपच्या स्कोपमध्ये ठेवलं होतं. कुणी जतन करून लगेच मागे गेलं तरी नोंद अर्ध्यात रद्द होता कामा नये. बघणं स्क्रीनबरोबर थांबावं, नोंद थांबू नये. दोन्ही कामं दिसायला सारखी, पण कुणाची मालकी कुणाकडे हे तिने प्रत्येक ठिकाणी ठरवूनच लिहिलं होतं. वीसेक वर्षांत मी बरीच हुशार माणसं कामाला ठेवली. काम सुरू करणारे पुष्कळ होते. ते कधी आणि कुणाबरोबर संपेल याचा आधी विचार करणारी ही एक.

नवीन ॲप चढल्यावर डॉक्टरबाईंनी स्वतः परीक्षा घेतली. एडका टांगला, फोन खिशात टाकायला लावला, मग तेच कोकरू टांगून फोन काढायला लावला. 'जोडतोय.' आकडा नाही, डोस नाही. मग कोकराचं वजन. तिने तीच परीक्षा दुसऱ्या फोनवर घेतली. मग मान हलवून जाड्याला म्हणाली, "भर आता."

शेवटची मेंढी उतरली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. आजोबांनी घोडीचा दोर सोडला आणि जाताना पाटणच्या बाईंना म्हणाले, "तुमी आमच्यात दिलेल्या असत्या तर बरं झालं असतं. एक मेंढरू हरवलं नसतं."

"मला मेंढरांची भीती वाटते आजोबा," ती म्हणाली. ते खरं होतं. दिवसभरात तिने एकालाही हात लावलेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरबाईंचा फोन आला. खुराच्या आजाराची नोंद त्याच स्क्रीनवर करता येईल का, एवढंच विचारलं. काट्याचा विषय निघाला नाही. मी 'विचारून सांगते' म्हटलं आणि फोन पाटणच्या बाईंच्या हातात दिला.