चार कार्बनांची चोरी

नव्वदच्या दशकात बारामती एमआयडीसीतल्या एका खाजगी डेअरीच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. डेअरीने नवं गॅस क्रोमॅटोग्राफ घेतलं आणि त्याच्यासाठी एसीची खोली बांधली. आम्हाला पंखा होता, तोही साहेबांच्या दिशेने फिरणारा. साहेब म्हणजे आमचे क्वालिटी मॅनेजर. मशीन आल्यापासून ते पाहुण्यांना आधी मशीन दाखवायचे, मग दूध, आणि वेळ उरला तर माणसं.

मशीनचं काम सांगायला सोपं आहे. तुपात किंवा दुधाच्या स्निग्धांशात लहानमोठ्या साखळ्यांची फॅटी ॲसिड्स असतात. ती ग्लिसरॉलला घट्ट चिकटलेली असतात, त्यामुळे तशीच मशीनमध्ये घातली तर तापवूनही नीट उडत नाहीत. म्हणून आधी त्यांना ग्लिसरॉलपासून सोडवून मिथेनॉलशी जोडायचं, म्हणजे त्यांचे मिथाइल एस्टर होतात. हे एस्टर वायूबरोबर कॉलममधून, म्हणजे एका लांब बारीक नळीतून, पळतात, सगळ्यांत लहान आधी, मोठे मागून, आणि कागदावर एकेकाचं टोक उमटतं. त्या टोकाला आम्ही पीक म्हणायचो. सगळ्यांत पुढे येणारं पीक चार कार्बनांच्या ब्युटिरिक ॲसिडचं. ते गाईम्हशींच्या दुधातच असतं, शेंगदाणा, सूर्यफूल, पाम, कुठल्याच तेलात नसतं. त्यामुळे हे पीक खुजं दिसलं की भेसळीचा संशय घ्यायचा. पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि पुस्तक बरोबरच आहे.

पुस्तकात माझा उल्लेख नव्हता, एवढीच अडचण.

कॉलेजात मी ही पद्धत शेंगदाणा तेलावर शिकले होते. तेल अल्कलीबरोबर उकळायचं, बोरॉन ट्रायफ्लोराइड घातलेल्या मिथेनॉलमध्ये पुन्हा उकळायचं, एस्टर हेक्झेनमध्ये ओढून घ्यायचे, आणि मग परीक्षानळी गरम पाण्यात ठेवून हेक्झेन उडवून टाकायचं. उरलेला थेंब पुन्हा थोड्याशा हेक्झेनमध्ये घेतला की नमुना दाट होतो आणि पीक उंच येतं. साहेबांना उंच पीक फार आवडायचं. ठेंगणा ग्राफ पाहुण्यांना दाखवण्यासारखा नाही, असं ते म्हणायचे. मी बिनबोभाट पाणी तापवायचे आणि हेक्झेन कोरडं होईपर्यंत उडवायचे. मी विद्यापीठात पहिली आलेली होते, मला कोण विचारणार?

मार्चमध्ये इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या संकलन केंद्राचा नमुना आला. ब्युटिरिकचं पीक असायला हवं त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा होतं. मी रिपोर्टवर लिहिलं, 'परक्या स्निग्धाची भेसळ संभवते', आणि मोठ्या दिमाखात सही केली. साहेबांनी केंद्राला पत्र धाडलं की, भेसळ करणारा शोधा, नाहीतर गाडी यायची नाही.

आठवड्याभरातच केंद्राचे सचिव आमच्याकडे आले. गावात त्यांना सगळे तात्या म्हणत, मीही म्हणाले. तात्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि चेहरा हलका करून सांगितलं,

"सापडली बघा मॅडम. आमच्या वस्तीतली एक बाई हाय, येका म्हशीची. सकाळ-संध्याकाळ दोन लिटर आणती. तिचं बंद केलंय."

"तिचं दूध तपासलं?"

"तपासायचं काय त्यात? बाकी समदी घरची माणसं हायती."

वस्ती म्हणजे कुठली, हे मला विचारावं लागलं नाही. पिंपळीला आम्हीही गावाबाहेरच राहतो, छप्पन सालच्या धर्मांतरानंतरही गावाने आमच्या घरांची दिशा बदललेली नाही. मी गणित मांडून दाखवलं. केंद्राचं रोजचं दूध दोनशे लिटरच्या वर. ब्युटिरिक एक चतुर्थांशावर आलं म्हणजे त्या सगळ्या दुधातला पाऊण स्निग्धांश परका. एका बाईने दोन लिटरच्या किटलीतून एवढं साधायचं तर तिने किटलीत दूध न आणता निव्वळ तेल आणायला पाहिजे, आणि तेही किटलीत मावायचं नाही.

"आसंल बी," तात्या म्हणाले. "लई हुशार बाई हाय ती."

गणिताची झालेली एवढी चांगली कदर मी त्याआधी पाहिली नव्हती. तात्या गेले आणि मला पहिल्यांदा माझ्याच ग्राफची शंका आली. तोवर तो पवित्र होता.

ग्राफ पुन्हा वाचला. वाचला म्हणजे खरोखर वाचला, पहिल्या वेळी फक्त पाहिला होता. तेल मिसळलं असतं तर दुधाची लहान ॲसिड्स सगळी सारख्या प्रमाणात उतरली असती आणि तेलाची, लिनोलेइकसारखी, चढली असती. इथे लिनोलेइक जागच्या जागी होतं. चार कार्बनांचं चौथ्या हिश्श्यावर, सहाचं अर्धं, आठचं थोडं कमी, दहाचं आणि पुढची सगळी धडधाकट. लहान तेवढं जास्त हरवलेलं. ही तेलाची चाल नव्हती. मग कुणाची, हे मात्र डोक्यात येईना, कारण उत्तर माझ्या अंगावर येणार होतं.

शनिवारी घरी गेले आणि आईकडून घरच्या म्हशीचं लोणकढं तूप आणलं. आईने डबी भरून दिली आणि विचारलं, "कशाला गं?" म्हटलं, परीक्षा घ्यायची आहे. तर म्हणाली, "म्हशीची का माझी?"

सोमवारी ते तूप मशीनवर चालवलं. आईच्या तुपातही ब्युटिरिक चौथ्या हिश्श्यावर! तोच उतार, तीच चोरी. साहेबांना दाखवलं तर ते अत्यंत गंभीर झाले आणि म्हणाले, "तुमच्या आई तेल कुठलं वापरतात?"

मी हसले नाही. माझ्या आईवर आळ आला तेव्हा मला तो किती हास्यास्पद आहे हे एका क्षणात कळलं, आणि त्या बाईवर आला तेव्हा कळायला मला गणित करावं लागलं होतं. याची मला फार लाज वाटली आणि अजून वाटते.

चोर गरम पाण्याच्या भांड्यात होता. शेंगदाणा तेलात सगळ्यांत लहान साखळी साधारण सोळा कार्बनांची. तिचा एस्टर गरम पाण्याला जुमानत नाही, म्हणून कॉलेजात काही बिघडलं नाही. ब्युटिरिकचा मिथाइल एस्टर मात्र इतका हलका की हेक्झेन उडवताना तो त्याच्याबरोबर निघून जातो. सहाचा अर्धा, आठचा थोडासाच. मी कोरडं होईपर्यंत उडवत होते आणि वर साहेबांसाठी पीक उंच करत होते. ब्युटिरिक खोलीच्या हवेत होतं आणि भेसळ माझ्या रिपोर्टात.

मग दुसरी पद्धत केली. तुपाचा थेंब हेप्टेनमध्ये विरघळवायचा, त्यात मिथेनॉलमधलं कॉस्टिक पोटॅश घालायचं, बूच घट्ट लावून मिनिटभर हाताने हलवायचं आणि थांबायचं. ग्लिसरॉल खाली बसतं, वरच्या स्वच्छ थरातलं थेट मशीनमध्ये सोडायचं. उकळणं नाही, उडवणं नाही. ताज्या तुपाला ही पद्धत पुरते. आईचं तूप चालवलं, आणि हेप्टेनच्या मोठ्या पीकला लागून ब्युटिरिकचं पीक सरळ उभं राहिलं. इंदापूरच्या त्याच नमुन्यातून काढलेल्या स्निग्धाची उरलेली बाटली फ्रीजमध्ये होती. तीही चालवली. उत्तम दूध. कुणीही कसलीही भेसळ केलेली नव्हती.

दोन्ही ग्राफ साहेबांसमोर ठेवले आणि म्हटलं, पहिला रिपोर्ट चुकीचा होता असं लिहून देऊ या. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मशीन विकायला काढलंय.

"रिपोर्ट चुकत नसतो," ते म्हणाले. "आपण नवीन नमुना मागवू. नव्या पद्धतीने करा. चांगला आला की चांगला लिहा. विषय संपला."

मला ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. नवा नमुना आला, पीक बरोबर आलं, मी 'समाधानकारक' लिहून सही केली, आणि चार दिवसांनी तात्यांचा फोन आला.

"मॅडम, बघा! तिचं दूध बंद केलं आन् लगीच रिपोर्ट सुधारला. मी म्हणलंच हुतं."

मी रिसीव्हर खाली ठेवला. पहिल्या सहीने मी तिच्यावर संशय आणला होता, दुसऱ्या सहीने पुरावा दिला. एवढं पक्कं काम माझ्या हातून नोकरीत दुसरं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एकाच बाटलीचे दोन्ही ग्राफ घेऊन एसटीने त्या गावी गेले. तिचं घर विचारत विचारत वस्तीत पोचले. ती म्हशीला वैरण घालत होती. मी "जय भीम" म्हणाले, तिनेही म्हटलं आणि आधी पाणी दिलं. मी कोण, आणि माझ्याकडून काय झालं, ते सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती वैरण सारखी करत राहिली.

"म्हंजी दुधात काय नव्हतं?"

"काहीच नव्हतं मावशी. चूक माझी होती."

"हे तितं सांगशील का? सगळ्यांम्होरं?"

संध्याकाळी ती दूध भरलेली किटली घेऊन माझ्याबरोबर केंद्रावर आली. रांग होती. तात्या एकेकाच्या दुधाची फॅट मोजत होते. मी दोन्ही कागद त्यांच्या टेबलावर पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की दोन्ही ग्राफ एकाच बाटलीचे आहेत, पहिल्यात पीक खुजं आहे कारण मी ते उडवलं, गावातल्या कुणीही दुधात काही घातलेलं नाही, आणि या मावशींनी तर नाहीच. माणसं खरंच ऐकत होती. दोघांनी कागद हातात घेतला. एक म्हातारे आबा म्हणाले, "व्हय की, मशीनची बी चूक हुती म्हणा." मला हायसं वाटलं. मी म्हटलं, मशीनची नाही, माझी.

तात्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, तुमी मूळच्या कुठल्या?"

"पिंपळीची."

"आडनाव काय म्हणायचं?"

मी सांगितलं.

"आसं व्हय," तात्या म्हणाले. रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांनी कागद घडी करून टेबलावर ठेवला, अगदी आदराने. कुणी वाईट बोललं नाही. तात्यांनी चष्मा लावला आणि पुढच्या माणसाची किटली ओढून घेतली.

"मीटिंगमदी बघू," ते म्हणाले.

मी आणखी काही बोलणार होते. सहा वर्षांचं रसायनशास्त्र माझ्या तोंडाशी आलं होतं. मावशीने किटलीचं झाकण परत दाबून बसवलं आणि माझ्या दंडाला धरलं.

"चल पोरी," ती म्हणाली. "दूध नासंल."