खोडलेला शब्द

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. भिंतीला लटकलेले पट्टे, तेलाची बुधली, आणि कोपऱ्यात कापडाच्या गाठोड्यावर शाळेतून परतलेली त्यांची नात. ती सात वर्षांची. घरात, शाळेत सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. बॉबिनच्या डब्यात हात घाली, दोरा उलगडी, सांगितलेलं अर्धं ऐके आणि उरलेलं विसरे.

आजोबा रागावत नसत. रागवायचं झालं तरी शब्द त्यांच्या ओठाशी येऊन परत फिरत.

भिंगरीच्या वर्गाच्या बाईंनी शेवटी चिठ्ठी पाठवली. मुलगी हुशार आहे, पण लक्ष नाही, बसत नाही, शेजारच्यांना चिमटे काढते. असंच राहिलं तर पुढच्या वर्गात पाठवणं कठीण. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी एक छापील तक्ता दिला. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. मुलीचे दिवस आजोबांना ठाऊक, म्हणून तो त्यांनीच भरला. ‘झोप कशी?’ या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, ‘गाढ. घोरते.’ मग पेन थांबलं. पोरीच्या जातीला घोरते असं कागदावर कशाला लिहायचं? त्यांनी ‘घोरते’ नीट खोडलं.

घरात त्या घोरण्याची थट्टाच चाले. मुलगा म्हणे, घर नाही तर नाही, आजोबांनी निदान घोरणं तरी वारशाने दिलं. घोरतंय म्हणजे पोर निवांत झोपलंय, असं सगळेच धरून चालले होते.

तक्ता वाचून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लक्षणं तर चंचलतेची दिसताहेत. आठवड्याने या, औषधाचं ठरवू. 

दोन दिवसांनी दुपारी एक शिंपी आपलं यंत्र घेऊन आला. टाके सोडतंय, म्हणाला, सुई बदला. आजोबांनी सुईला हात लावला नाही. त्यांचा जन्म या कानांवर गेला होता. टाका खाली सुटतो, पण दोरा बहुतेकदा वरच कुठेतरी अडकलेला असतो. ते हळूहळू चाक फिरवून ऐकू लागले. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत होती. कापडाचा कोरा वास, माशीची गुणगुण, गाठोड्यावर भिंगरीचं घोरणं, सगळं एकाच संथ लयीत मिसळलं होतं. आजोबांचेही डोळे जड झाले.

आणि लय तुटली.

चाक तर त्यांच्याच हातात होतं. मग थांबलं काय? त्यांनी मान वळवली. भिंगरी मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून झोपली होती. कपाळावर घाम. छाती आत ओढली जात होती, पोट वर येत होतं, पण आवाज नाही. आजोबा मनात मोजू लागले. आठ, नऊ, दहा. मग ती गचका खाऊन दचकली, मोठा श्वास घेतला, कूस बदलली, आणि घोरणं पुन्हा सुरू. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

‘अहो, यंत्र?’ शिंप्याने विचारलं.

‘उद्या,’ आजोबा म्हणाले.

त्या रात्री सुनेने मोबाईलवर चित्रण केलं आणि सकाळी कामावर न जाता ती आजोबांबरोबर निघाली. दवाखान्यात आजोबांनी तक्त्यावरच्या खाडाखोडीवर बोट ठेवलं.

‘बाई, मी इथे... हे मीच खोडलं. लाज वाटली.’

डॉक्टरीणबाईंनी चित्रण दोनदा पाहिलं. मग अंथरूण ओलं होतं का, सकाळी डोकं दुखतं का, असं विचारत गेल्या, आणि सून दर प्रश्नाला होकाराची मान हलवत गेली.

‘चूक माझीही आहे,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘खोडलेलं दिसत होतं, विचारलं नाही मी. आजोबा, मोठं माणूस नीट झोपलं नाही तर पेंगतं. मूल बऱ्याचदा उलट करतं, नाचतं. औषधाचं नंतर पाहू. आधी हिचा श्वास.’

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. टॉन्सिल एकमेकांना टेकायला आलेले, नाकामागची गाठही वाढलेली. एक रात्र भिंगरी अंगाला तारा लावून रुग्णालयात झोपली. तासागणिक कितीदा श्वास अडतो, ते यंत्राने टिपलं. पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. घसा दुखून ती चार दिवस गप्प होती, तेव्हा आजोबांना तिची बडबड आठवून करमेना.

दोन-तीन महिने गेले. शाळेतल्या बाईंची नवी चिठ्ठी आली: आता बसते, गणितं पुरी करते, चिमटे मात्र अधूनमधून चालू आहेत. पुढच्या वर्गात जाईल. श्वासाची तपासणी पुन्हा व्हायची होती, पण अंथरूण कोरडं राहू लागलं होतं.

दुपारी भिंगरी गाठोड्यावर झोपली. तिरीप सरकली. आजोबा चाक फिरवता फिरवता थांबले. काहीच ऐकू येत नव्हतं. घाबरून ते उठले, तेलकट हात पुसला आणि हाताची मागची बाजू तिच्या नाकाशी धरली.

मिटल्या ओठांवरून उबदार वारा येत होता, जात होता. ते किती तरी वेळ तसेच वाकून उभे राहिले.