धूसर काचेमागची पिवळी साडी

माझी पहिली नोकरी गडचिरोलीत, बस स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत होती. मी रोज आरमोरीहून बसने यायचे. मोबाइल किंवा टॅबलेटच्या पडद्यावर काय, कुठे दिसेल याची नमुनाचित्रं मी करायचे. ती मंजूर झाली की प्रोग्रामर तसा पडदा तयार करायचे. त्या खोलीतला उकाडा आणि खालच्या टपरीवरचा आल्याचा चहा आजही आठवला की मन तिथेच जाऊन बसतं.

एका दवाखान्याच्या नंबर लावायच्या पडद्याचं काम आमच्याकडे होतं. पडद्यावर दवाखान्याच्या व्हरांड्याचा फोटो, आणि त्यावर मधोमध दुधी काचेसारखं अर्धपारदर्शक कार्ड. कार्डाबाहेरचा व्हरांडा स्पष्ट, कार्डामागचा तेवढा धूसर, नुसते रंगांचे डाग. त्यावर गडद अक्षरांत लिहिलं होतं : ‘कृपया आपला क्रमांक येईपर्यंत प्रतीक्षा करावी.’

नमुना पाहायला दवाखान्यातल्या वयस्कर सिस्टरबाई आल्या. वाचून हसल्या.

“प्रतीक्षा कोन समजन वो इथी? माह्या पेशंटले ‘बसा’ म्हना. ‘तुमचा नंबर येईपर्यंत बसा.’ बस, इतकंच.”

मी लगेच हो म्हणाले. पण हा नमुना ज्या सहकाऱ्याने केला होता तो नोकरी सोडून गेला होता. त्याची मूळ फाइल मिळेना, मूळ फोटोही नाही. हाती होतं ते सगळे थर एकत्र झालेलं एकच सपाट चित्र. अक्षरांच्या खाली काही उरलेलंच नव्हतं. नवं वाक्य जुन्यापेक्षा आखूड, म्हणजे ते वर बसवून जुनी अक्षरं झाकली जाणार नव्हती.

मी सोपा रस्ता धरला. कार्डाचा एक रंग उचलला, मजकुराभोवती चौकोन आखला, भरून टाकला आणि वर नवं वाक्य लिहिलं. मला ते स्वच्छ वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“माही बाई कुठी गेली?”

“कोण बाई?”

“इथी पिवळं होतं ना. अक्षराच्या मांगं.” त्यांनी बोट ठेवलं. “ते आमची आयाबाई होती. पिवळं लुगडं नेसून त्याच बाकावर बसे. फोटो काढला तवा बी बसून होती. मागच्या साली गेली. तुले डाग दिसला असन, मले ते दिसे.”

मी पुसलेल्या चौकोनात आता नुसता राखाडी सपाटपणा होता.

“जुनं चित्र आहे माझ्याकडे,” मी म्हणाले. “दोन दिवस द्या.”

या वेळी चौकोन आखला नाही. फक्त अक्षरं निवडली, तीही कडेने दोन पिक्सेल वाढवून. कारण अक्षरांच्या कडा काचेत मिसळून अर्धवट रंगाच्या होतात आणि पुसल्यावर त्यांची सावली मागे राहते. मग एकेक अक्षर घेतलं. ‘प्र’च्या डावीकडे फिकट पिवळा, उजवीकडे गडद, मधली जागा त्या दोन्हींना जोडत भरली. वेलांट्या, काने, शिरोरेघ, सगळं असंच. भरलेल्या जागीच हलका ब्लर दिला. पूर्ण कार्डाला दिला असता तर कार्डाच्या कडा विरघळल्या असत्या आणि बाहेरचा स्पष्ट व्हरांडा आत झिरपला असता. शेवटी काचेवर जे रव्यासारखे बारीक ठिपके होते तसेच त्या जागेवर टाकले, नाहीतर ठिगळ गुळगुळीत दिसत होतं. नवं वाक्य वेगळ्या थरावर लिहिलं, पुन्हा बदलायचं झालं तर काचेला हात लागू नये म्हणून.

हे सगळं करताना मला पहिल्यांदा दिसलं की त्या पिवळ्या डागाला खांदा होता. बाजूला एक लालसर डाग होता, बहुतेक स्टीलच्या डब्यावरचं फडकं.

सिस्टरबाई आल्या. पडद्याजवळ वाकून म्हणाल्या, “आता बसून आहे. बराबर.” आणि मला विचारलं, “जेवली काऊन नाई अजून? डबा उघड.”

आम्ही एकाच डब्यातून भात आणि वांग्याची भाजी खाल्ली. आयाबाई नव्या सिस्टरांना रडू आलं की कशी रागवायची, हे त्या सांगत होत्या.

नमुना मंजूर झाला. प्रत्यक्ष पडद्यावर मात्र प्रोग्रामरांनी नवा फोटो घातला, कारण त्यांना धूसर करायला मूळ स्पष्ट फोटो लागत होता. वाक्य सिस्टरबाईंचंच राहिलं. मी नमुन्याची रंगीत प्रिंट काढून त्यांना दिली. त्यांनी ती घडी न घालता, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत उभी ठेवली आणि दवाखान्याकडे चालत गेल्या.