या पुस्तकात कुणी मरत नाही

म्योंग ओक-जू लेखिका झाली ती शाळेच्या जेवणघरातून निवृत्त झाल्यावर. उभा जन्म तिने कोरियातल्या गुन्सान शहरात एका शाळेत पोरांना रोज काय खायला घालायचं हे ठरवण्यात घालवला होता, त्यामुळे कुणाचं पोट कशाने भरतं याचा तिला अंदाज होता. रविवारी ती सार्वजनिक न्हाणीघरात जायची, गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसायची आणि शेजारणींची बोलणी ऐकायची. त्यातूनच तिला गोष्ट सुचली. न्हाणीघर चालवणारी बोक-न्यो नावाची बाई, कुणाचं कर्णफूल हरवतं, कुणाच्या चपला बदलतात, आणि बोक-न्यो हात पुसता पुसता त्याचा छडा लावते. दोन प्रकाशकांनी "गोड आहे" असं म्हणून बाड परत केलं. ओक-जूला राग आला. तिने ते स्वतःच छापायचं ठरवलं.

टोपणनाव तिने घेतलं नुरुंगजी, म्हणजे भाताची खरवड. भांड्याच्या तळाशी राहते आणि सगळ्यांत चवदार तीच असते, असं तिचं म्हणणं. नाव छान होतं, पण पुस्तक बाजारात आलं आणि पंचाईत झाली. तिचा नवरा उम दॉक-सू रोज चष्मा कपाळावर ढकलून फोनवर बायकोचं नाव शोधायचा आणि स्वयंपाकघरात येऊन बातमी द्यायचा.

"आज तुझ्या नावाने कोंबडीचं सूप निघालं."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक नाही. खरवडीची पाकिटं आहेत. दोन घेतली तर एक फुकट."

त्या वेळी तिला दो यॉन-सू भेटली. यॉन-सू मुखपृष्ठं करायची. वयाने ओक-जूपेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही. ती ओक-जूला ऑन्नी म्हणायची, म्हणजे थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीला जितकं बोलता येतं त्याहून जरा जास्तच बोलायची. पहिल्याच भेटीत तिने फोन टेबलावर ठेवला आणि त्यावरचं पुस्तकाचं चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं करून दाखवलं.

"ऑन्नी, लोकांना तुझं पुस्तक एवढं दिसतं. यात काय दिसतंय सांग."

"न्हाणीघर, बोक-न्यो, मागे डोंगर, वाफ."

"तुला दिसतंय, कारण ते तू काढवून घेतलंस. मला पालकाची भाजी दिसते."

मग यॉन-सूने सगळं नव्याने मांडलं. नाव नुरुंगजीबाई, म्हणजे शोधणाऱ्याला सुपाच्या आधी ती सापडेल. ते नाव प्रत्येक पुस्तकावर त्याच जागी, त्याच हस्ताक्षरात. रंग एकच, अंग घासायच्या हातमोज्याचा हिरवा. हा हातमोजा देशात प्रत्येकीच्या घरी न्हाणीत लटकलेला असतो, त्यामुळे रंग पाहूनच पाठ हुळहुळते. मध्ये एकच लहानसं रेखाचित्र: पहिल्या पुस्तकावर कर्णफूल, पुढे दुसऱ्यावर कंगवा, तिसऱ्यावर आंघोळीनंतर पितात त्या केळ्याच्या दुधाची बाटली. कण्यावर आकडा, म्हणजे फळीवर ओळीने उभी राहिली की एकाच घरातली आहेत हे कळावं.

"आता एक वाक्य दे," यॉन-सू म्हणाली. "तुझं पुस्तक उघडणाऱ्याला काय मिळणार, नेहमी, न चुकता?"

ओक-जूच्या आधी दॉक-सूच बोलला. तो दारात उभा राहून सफरचंद सोलत होता. "हिच्या पुस्तकात कुणी मरत नाही. आणि शेवटी सगळे जेवतात."

ते वाक्य तसंच मलपृष्ठावर गेलं. या पुस्तकात कुणी मरत नाही. शेवटी सगळे जेवतात. ओक-जूला आधी ते पोरकट वाटलं होतं, पण पुस्तकं त्याच वाक्यावर खपायला लागली. पुस्तकजत्रेत हिरवं कापड अंथरलेल्या टेबलामागे दॉक-सू उभा राहायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तेच वाक्य ऐकवायचा. आपण कोण, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "मी खोकी उचलणारा." त्याच्या बोलण्यात एवढा अभिमान असायचा की ओक-जू उगाच पिशव्या आवरत बसायची. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं, आणि ते तिने त्याला क्वचितच बोलून दाखवलं.

तिसऱ्या पुस्तकानंतरच्या हिवाळ्यात दॉक-सू गेला. हृदय थांबलं, दुसरं काही नाही.

ओक-जूने चौथं पुस्तक त्या वर्षी एका झपाट्यात लिहिलं. त्यात बोक-न्योचा नवरा मरतो. न्हाणीघर बंद राहतं, पाणी गार पडतं, आणि बोक-न्यो कशाचाच छडा लावत नाही. लिखाण चांगलं उतरलं होतं. तिचं तिलाच ते कळत होतं.

बाड घेऊन ती मॅंग जून-होच्या दुकानात गेली. मॅंगचं पुस्तकांचं दुकान एका खोलीचं. शहरातल्या स्वतः छापणाऱ्या सगळ्या लेखकांची पुस्तकं तो ठेवायचा आणि प्रत्येक पुस्तक विकलं की लेखकापेक्षा जास्त खूश व्हायचा. यॉन-सूने बाड आधीच वाचलं होतं. तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा अडेलतट्टू.

"मी हिरवं मुखपृष्ठ करणार नाही," ती म्हणाली.

"पुस्तक माझं, नाव माझं," ओक-जू म्हणाली. "बोक-न्योही माझीच. तिच्या नवऱ्याला मारायला मला तुझी परवानगी लागते का?"

"मार ना. पण हिरव्या कापडात गुंडाळून देऊ नकोस. ऑन्नी, तो रंग म्हणजे तू दिलेला शब्द आहे."

"मग मागचं वाक्य काढून टाकू."

"वाक्य काढशील. लोकांच्या डोक्यातून कसं काढशील? आता मागची बाजू कोण वाचतंय? हिरवं दिसलं की उचलतात."

मॅंगला भांडणं सोसत नसत. तो बार्लीचा चहा घेऊन आला. "लेखिकाबाई, आपण कागदी पट्टा लावू. मुखपृष्ठाभोवती. 'या वेळी वेगळं' असं त्यावर छापू."

"पट्टा लोक घरी गेल्या गेल्या फेकून देतात," ओक-जू म्हणाली. "मी स्वतः फेकते."

इतक्यात थाक उन-ग्यॉंग आत आली. ही बाई मोठ्या रुग्णालयात, शेवटच्या दुखण्यातल्या रुग्णांजवळ बसायचं काम करायची. तिने ओक-जूला ओळखलं नाही. सरळ फळीशी गेली, तीनही हिरवी पुस्तकं काढली आणि न चाळता मॅंगच्या पुढ्यात ठेवली.

"माझी वाचून झालीत," ती म्हणाली. "ही नवीन आलेल्या आजींसाठी. मी वाचून दाखवते."

"चौथं येतंय," मॅंगच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने लगेच जीभ चावली.

"मग एक माझ्या नावाने ठेवा. मला एक खोड आहे, कुठलंही पुस्तक घेतलं की मी आधी शेवटचं पान बघते. कोण उरलंय ते. दिवसभर तेच पाहते ना, घरी येऊन पुन्हा नको वाटतं. या बाईंचं तेवढं बघत नाही. डोळे मिटून घेते." तिने पुस्तकं पिशवीत घातली आणि ती गेली.

ओक-जूला भीती वाटली. त्या आजींच्या खाटेशी बसून ही बाई चौथं पुस्तक मोठ्याने वाचत जाईल, आणि मध्येच कुठेतरी तिचा आवाज अडेल. आणि हे सगळं आपल्यावर विश्वास ठेवला म्हणून.

"पण मग दॉक-सूचं काय करू?" ती म्हणाली. "त्याला खणात ठेवू?"

मॅंग गडबडला. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून बोलला, "रंग तोच ठेवू, फक्त लेखिकेचं नाव लाल छापू. लांबून दिसेल, वेगळं आहे ते कळेल."

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्याकडे माणसाचं नाव लाल शाईने लिहितात ते तो मेला की. एरवी शाळेतली पोरंसुद्धा लाल पेनाने नाव लिहिताना दचकतात, आणि हा नवरा गेलेल्या बाईला तिचं नाव लाल छापायला सांगत होता. मॅंगच्या हे ध्यानात आलं तसा त्याचा चेहराच लाल झाला. ओक-जूला हसू फुटलं. दॉक-सू गेल्यापासून पहिल्यांदा ती पोट धरून हसली, आणि हसता हसता रडली.

"अहो, नुरुंगजीबाईला का मारता?" यॉन-सू मॅंगवर डाफरली. "तिला काय झालंय? तिच्या पुस्तकांत नवरा अजून तिकडे न्हाणीघरात पाणी तापवतोय." मग ती ओक-जूकडे वळली आणि तिचा स्वर उतरला. "ऑन्नी, नुरुंगजीबाई विधवा झालेली नाही. तू झालीस."

ओक-जू गार झालेल्या चहाकडे बघत राहिली. हे तिला सुचलं नव्हतं. नुरुंगजीबाई हे आपलंच तोंड आहे असं ती धरून चालली होती. पण ते लोकांना दिलेलं एक दार होतं, आणि त्यामागे काय असतं ते ठरून गेलं होतं. दॉक-सूसाठी दुसरं दार लागणार होतं.

तिने बाड परत नेलं आणि मुळापासून लिहिलं. न्हाणीघर गेलं, बोक-न्यो गेली. वाक्यामागून वाक्य तिला जीव तोडून काढावं लागलं. आता गोष्ट होती पुस्तकजत्रेत खोकी उचलणाऱ्या माणसाची. ती आधीपेक्षा खरी झाली, हे यॉन-सूने नाक शिंकरत कबूल केलं. नाव पडलं म्योंग ओक-जू, जन्माचं, काळ्या अक्षरात. मुखपृष्ठ कोऱ्या कागदासारखं पांढरट, कण्यावर आकडा नाही, चित्र नाही. आतल्या घडीवर मात्र उघड लिहिलं, की हीच बाई नुरुंगजीबाई या नावाने न्हाणीघराच्या गोष्टी लिहिते. लपवायचं कुणापासूनच नव्हतं, फक्त फसवायचं नव्हतं. मागे वाक्य आलं: या पुस्तकात एक माणूस मरतो. शेवटी सगळे जेवतात.

"नवं नाव, म्हणजे पुन्हा शून्यापासून," मॅंग म्हणाला. "हिरव्यांसारखं खपणार नाही, लेखिकाबाई."

"नाही खपलं तर नाही," ओक-जू म्हणाली. तिला ते लागलं नाही असं नाही.

पुस्तक आलं तेव्हा मॅंगने ते हिरव्यांच्या फळीवर न ठेवता खिडकीपाशी वेगळं मांडलं. ओक-जू सह्या करायला बसली होती. थाक उन-ग्यॉंग आली, हिरव्यांच्या फळीकडे गेली आणि रिकाम्या हाताने परतली. "चौथं?" तिने विचारलं.

"ते लिहिते आहे," ओक-जू म्हणाली. "वर्ष लागेल. हे माझंच आहे, पण ते नाही."

बाईने पांढरं पुस्तक उचललं. नाव वाचलं, उलटलं, मागचं वाक्य वाचलं. मग तिने पुस्तक दोन्ही हातांनी, मोठ्यांना देतात तसं, परत टेबलावर ठेवलं.

"आज नको," ती म्हणाली. "राग मानू नका."

ओक-जूने मान हलवली. तिचं पहिलं गिऱ्हाईक पुस्तक न घेता परत चाललं होतं आणि तिला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. बाईला जे नको होतं ते तिने उघडण्याआधीच ओळखलं होतं. मुखपृष्ठाने आपलं काम केलं होतं.

दारापाशी जाऊन बाई वळली. "यातला माणूस, तो कोण?"

"माझा नवरा."

बाई परत आली. तिने पर्स उघडली नाही, पुस्तकालाही हात लावला नाही, नुसती समोरच्या स्टुलावर बसली. रोज ती जशी कुणाच्या तरी खाटेशी बसायची तशीच.

"पुस्तक राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा. कसा होता?"