दोन कप, सात नट

आमचे मुख्याध्यापक धानशेतीच्या घरचे. रोपांसाठी पऱ्हे टाकताना मुठीतून बी कसं सारखं सुटलं पाहिजे, हे ते शाळेतही हात हलवून दाखवत. "माझी मूठ म्हणजे माप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी गणिताची बाई आणि तोंडानं जरा तिखट. मापाबद्दल असं कोणी बोललं की माझं डोकं तापतं. पण माणूस वाईट नव्हता, म्हणून मी बरीच वर्षं गप्प बसले.

त्या वर्षी आठवीला समीकरणं शिकवताना मी तराजूचा खेळ आणला. गावातल्या किराणावाल्यानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतला होता, त्यामुळे त्याचा जुना तराजू माळ्यावर धूळ खात पडला होता. तो मी मागून आणला. मोजायला आधी चिंचोके घेतले, पण एक चिंचोका जाडा तर दुसरा रोडका, दांडी काही केल्या आडवी होईना. मग सायकलवाल्याकडून एकाच मापाचे नट आणले आणि चहाचे कागदी कप.

खेळ सोपा आहे. समजा, एका पारड्यात दोन कप आणि तीन सुटे नट आहेत, दुसऱ्यात अकरा नट, आणि दांडी आडवी आहे. कपाची कड आत दुमडून तोंड बंद केलेलं असतं आणि प्रत्येक कपात सारखेच नट असतात. कप न उघडता सांगायचं, एका कपात किती. एका पारड्यातून जे काढाल ते दुसऱ्यातूनही काढायचं. तीन-तीन नट काढले की एकीकडे दोन कप उरतात, दुसरीकडे आठ नट. म्हणजे एका कपात चार. कागदी कपालाही वजन असतं, म्हणून ज्या बाजूला कप कमी, तिथं तितके रिकामे कप ठेवून द्यायचे. ते मोजायचे नाहीत, ते नुसते पासंगाला.

या खेळात सगळ्यांच्या पुढं गेली ती सालेकशाकडच्या टोल्यावरून, छोट्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी. घरची भाषा गोंडी, वर्गात तोंड उघडायची नाही. पाढे म्हणायला उभी केली की सात आठेपाशी हमखास अडकायची. पण तराजूपुढं बसली की तिचे हात थांबत नसत. दोन्हीकडचं काढत काढत ती कपापर्यंत पोचायची आणि एक बोट वर करून थांबायची. मी विचारलं की मगच उत्तर सांगायची.

आणि नेमकं तिचंच नाव मुख्याध्यापकांनी यादीत घातलं. पाढे न येणारी सहा मुलं समीकरणांच्या तासाला वर्गात बसणार नाहीत, व्हरांड्यात पाढे म्हणतील, परीक्षेपर्यंत. मी यादी हातात घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले.

"ही पोरगी बाहेर बसणार नाही," मी म्हटलं.

"मॅडम, जिले सात आठे येत नाही, ते समीकरण काय सोडवन? टाइम कायले वाया घालवता?"

"तुम्ही घाला कोडं. तुमच्या हातानं मांडा. तिनं सोडवलं तर ती वर्गात."

"अन् नाही सोडवलं त?"

"तर व्हरांडा," मी म्हणाले, आणि म्हणताच जीभ चावली. रागाच्या भरात मी त्या पोरीचं वर्ष पणाला लावलं होतं, आणि तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

सोमवारी तास सुरू झाला. यादीतली पाच मुलं व्हरांड्यात बसली होती, त्यांचा पाढ्यांचा सूर खिडकीतून आत येत होता. सहावी तराजूसमोर. मुख्याध्यापकांना मी खेळाचे नियम सांगितले. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, चार कप भरले, कडा दुमडल्या. तीन कप आणि दोन नट डाव्या पारड्यात, एक कप उजव्यात, शेजारी दोन रिकामे. मग दांडी आडवी होईपर्यंत उजवीकडे एकेक नट टाकत गेले. नऊ नट झाले आणि काटा मधोमध थांबला.

"सोडव," ते म्हणाले.

तिनं दोन्हीकडचा एकेक भरलेला कप काढला. काटा हलला नाही. दोन-दोन नट काढले. काटा जागेवर. आता डावीकडे दोन कप, उजवीकडे दोन रिकामे कप आणि सात नट. तिनं नटांचे दोन वाटे करायला घेतले. तीन इकडे, तीन तिकडे, एक हातात राहिला. पुन्हा गोळा केले, पुन्हा वाटले. पुन्हा एक हातातच.

माझी रागीट जीभ, आणि भोगणार ही.

"उत्तर चार आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "नाही जमलं. काही हरकत नाही, मॅडम, पाढे आधी."

तिनं हातातला नट बाकीच्या सहांत टाकला. मग वर्गात पहिल्यांदाच, न विचारता बोलली.

"सर, चार-चार असते त इथं आठ राह्यले असते. हे सात हायेत."

"मग?"

"तुमचे कप बराबर नाहीत जी."

सगळा वर्ग हसला. मुख्याध्यापकांच्या कपाळावर आठ्या आल्या. तिनं कोणाकडेही लक्ष दिलं नाही. नट आणि रिकामे कप बाजूला ठेवले, एक भरलेला कप डाव्या पारड्यात, दुसरा उजव्यात ठेवला. उजवं पारडं खाली गेलं. हसू थांबलं. तिनं डावीकडे एक नट टाकला. दांडी आडवी झाली.

"याच्यात एक जास्त," ती उजव्या कपावर बोट ठेवून म्हणाली. "दोघात मिळून सात. म्हणून याच्यात चार, त्याच्यात तीन."

"उघड," मी म्हणाले.

तिनं कप उघडून बाकावर उपडे केले. एकातून चार नट निघाले, दुसऱ्यातून तीन. वर्गानं जो गिल्ला केला, तो पार रस्त्यापर्यंत गेला असेल. मीही टाळ्या पिटत होते आणि डोळेही पुसत होते, मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

"मोजले नव्हते का, सर?" मी विचारलं. आता मी थोडीच सोडणार होते?

"मोजाले कायले पाह्यजे..." असं म्हणत त्यांनी आपल्या मुठीकडे पाहिलं, आणि मग स्वतःच खो खो हसले. परीक्षकालाच उत्तर माहीत नव्हतं, आणि जिला पाढे येत नव्हते तिनं ते त्याला काढून दिलं होतं. त्यांनी खिशातली यादी काढली, तिच्या नावावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "बस बेटा, वर्गातच बस."

ती बसली नाही.

"सर, बाकीच्या पाचायले बी आणू का जी? तराजूवर पाढे नाही लागत."

मुख्याध्यापक माझ्याकडे बघू लागले. मी काही बोलायच्या आत ती दाराबाहेर गेली होती. व्हरांड्यातले पाढे मधेच थांबले. पाचही जण तिच्या मागून आत आले, आणि तिनं त्यांना बाकांवर नाही, तराजूभोवती बसवलं.

मग तिनं कप मुख्याध्यापकांसमोर सरकवले.

"मांडा जी," ती म्हणाली, "पण या खेपेले मोजून."

आणि त्यांनी आमच्या सगळ्यांसमोर नट मोजून घातले, एक, दोन, तीन, मोठ्यानं.