सगळ्या चेहऱ्यांना एकच दाढी नाही

नवऱ्याच्या हाताला कंप सुटला, तेव्हा वहिनीने वस्तरा उचलला. दुकान दोघा भावांचं, त्यामुळे धाकट्या दिराने नाक मुरडलं. पण गिऱ्हाईक तिच्याच खुर्चीवर बसू लागलं. दिराला ते बघवेना.

दीर बोलण्यात वाघ होता. त्याने भिंतीवर एका देखण्या नटाचं चित्र लावलं आणि फर्मान काढलं, "आजपासून येईल त्याला डिझायनर स्टबल. चार दिवसांची खुंटं, नीट कोरलेली."

वहिनीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. चौकोनी जबड्याचा ड्रायव्हर आला, तर त्याची गुळगुळीत दाढी केली. "जबडा देवाने दिलाय, तो कशाला झाकायचा?" लांबट चेहऱ्याच्या मास्तरांची खुंटं मात्र ठेवली; गालांवर भरदार, हनुवटीवर आखूड, म्हणजे चेहरा आणखी ओढल्यासारखा दिसत नाही.

दिराचं पित्त खवळलं. "नव्या पाटीवर माझा फोटो लागणार आहे. चित्रातल्यासारखं स्टबल करा. नाहीतर पाटी लागली की खुर्ची दुसऱ्याला."

वहिनीने त्याचा गोल चेहरा उजेडाकडे वळवला. मिशी आणि हनुवटीवर दाट, पण गालांवर केस कसरीने खाल्लेल्या लोकरीसारखे.

"भावोजी, गाल साफ करू. मिशी आणि हनुवटी राखू. हनुवटीवर जरा लांब ठेवलं की चेहरा उभट दिसेल."

"मी मत मागितलं नव्हतं."

"मग मी हातही लावणार नाही," ती म्हणाली, आणि दाढी कोरायचं मशीन जागेवर ठेवलं. खुर्ची जाणार हे तिला कळत होतं. पण हे ध्यान तिच्या हातचं म्हणून पाटीवर लागावं, हे तिला मंजूर नव्हतं.

दीर तणतणत चौकातल्या सलूनमध्ये गेला. तिथल्याने गळ्याची रेघ, म्हणजे खाली दाढी जिथे संपते ती, जबड्याच्या अगदी कडेला आखली. रेघ हवी कंठमण्याच्या दोन बोटं वर; त्याहून चढली की हनुवटीखालचं सगळं मांस उघडं पडतं.

पाटी लागली. त्यात दिराला दोन हनुवट्या होत्या आणि गालांवर ठिगळं. शेजारच्या चहावाल्याने बराच वेळ पाहून विचारलं, "आजारी होतात का?"

संध्याकाळी दीर येऊन वहिनीच्या खुर्चीत बसला. "रेघ खाली घ्या."

"कापलेलं खाली कसं घेणार? आता सगळंच काढायचं. गळ्यावर उगवलं की मी आखीन."

तिने फेस लावला. वस्तरा गळ्याशी आला, तेव्हा दीर हलक्या आवाजात म्हणाला, "बरं, खुर्ची तुमची."

"ती तुम्ही दिलेली नाही, भावोजी," वहिनी म्हणाली. "हनुवटी वर करा."